दोन भावांनी खप वाढतो का?

एकाच मालाला दोन गिऱ्हाइकांकडून दोन भाव घेणाऱ्या विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते: ‘स्वस्त भावामुळे माल आणखी लोकांपर्यंत पोचतो.’ उत्तर पटते, कारण सवलत मिळालेला विद्यार्थी डोळ्यांसमोर असतो. त्याच सवलतीची दुसरी बाजू म्हणून बाकीच्यांचा भाव वाढला आणि त्यामुळे ज्याने माल घेतलाच नाही, तो मात्र कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. माझे म्हणणे असे की ‘एकूण खप वाढतो’ हे गृहीत धरायची गोष्ट नाही, ते सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे. मागणीच्या सर्वांत साध्या रूपात ही वाढ नेमकी शून्य असते. थोडीथोडकी नव्हे, शून्य. ती शून्याच्या वर जाते की खाली, हे मागणीचा वक्र कसा वाकला आहे त्यावर ठरते, आणि नेमकी तीच गोष्ट या वादात कोणी मोजून दाखवत नाही.

अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी 1920 साली मूल्यभेदाच्या, म्हणजे एकाच मालाला वेगवेगळे भाव लावण्याच्या, तीन श्रेणी पाडल्या. त्यांतली तिसरी आपल्या रोजच्या व्यवहारातली: विक्रेत्याला एकेका गिऱ्हाइकाची ऐपत कळत नाही, पण वय, ओळखपत्र, देश अशा खुणेवरून गट पाडता येतात आणि प्रत्येक गटाला एक भाव लावता येतो. विक्रेत्याच्या हातात थोडीतरी मक्तेदारी हवी, आणि स्वस्तात घेतलेला माल महागाच्या गटात परत विकला जाता कामा नये. एवढे जमले की दोन भाव टिकतात.

आता एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, पण व्यवहार ओळखीचा आहे. एका तांत्रिक पुस्तकाचा एकच प्रकाशक आहे. छपाई-बांधणीचा खर्च प्रतीमागे 100 रुपये, कितीही प्रती काढल्या तरी तेवढाच. गिऱ्हाइकांचे गट दोन: नोकरदार इंजिनिअर आणि विद्यार्थी. किंमत 500 रुपये ठेवली तर एकही इंजिनिअर पुस्तक घेणार नाही, आणि तिथून खाली प्रत्येक रुपयामागे एक इंजिनिअर वाढेल. विद्यार्थ्यांत हीच गोष्ट 300 रुपयांपासून सुरू होते. दोन्ही मागण्या सरळ रेषेत आहेत.

एकच भाव ठेवायचा असेल तर प्रकाशकाला 250 रुपये सर्वांत फायद्याचे. त्या भावाला 250 इंजिनिअर आणि 50 विद्यार्थी पुस्तक घेतात, म्हणजे एकूण 300 प्रती. दोन भावांची मुभा मिळाली की तो इंजिनिअरांना 300 आणि विद्यार्थ्यांना 200 रुपये लावतो. आता 200 इंजिनिअर आणि 100 विद्यार्थी. एकूण? पुन्हा 300 प्रती. विद्यार्थ्यांत खप दुप्पट झाला ही बातमी खरी आहे, तेवढेच 50 इंजिनिअर गळाले हेही खरे आहे.

हा आकड्यांचा योगायोग नाही. एकाच भावाला, 250 रुपयांवर, प्रकाशक का थांबला होता ते पाहा. इंजिनिअरांचा भाव एक रुपयाने वाढवला तर 250 जणांकडून एकेक रुपया जादा मिळतो आणि एका गिऱ्हाइकावरचे 150 रुपये जातात: निव्वळ ओढ 100 रुपयांची, वरच्या दिशेने. विद्यार्थ्यांत रुपया वाढवला तर 50 रुपये मिळतात आणि 150 जातात: ओढ तेवढीच, पण खालच्या दिशेने. दोन्ही ओढी सारख्या आणि उलट असतात म्हणूनच तो भाव 250 वर स्थिर राहतो. बंधन सुटले की प्रत्येक गट आपल्या ओढीच्या दिशेने सरकू लागतो. इंजिनिअरांचा भाव रुपयाने वाढला की ओढ दोन रुपयांनी कमी होते, एक अशासाठी की जादा रुपया देणारा एक माणूस घटला, आणि दुसरा अशासाठी की यापुढे गळणाऱ्या प्रत्येकाबरोबर आधीपेक्षा एक रुपया जास्त नफा जाणार. म्हणून 100 ची ओढ संपायला 50 रुपये लागतात आणि तेवढ्यात 50 गिऱ्हाइके हलतात. विद्यार्थ्यांकडेही हेच गणित उलट चालते. सरळ रेषेत हलणारी गिऱ्हाइके नेहमी ओढीच्या निम्मी असतात. रेषेचा उतार दुप्पट केला तरी फरक पडत नाही, कारण मग भाव निम्माच सरकतो आणि माणसे तितकीच हलतात. ओढी सारख्या, निम्मे-निम्मे सारखे, बेरीज शून्य.

खप तेवढाच राहिला, मग बिघडले काय? बिघडले हे की पुस्तके चुकीच्या हातांत गेली. जे 50 इंजिनिअर गळाले त्यांच्या लेखी पुस्तकाचे मोल 250 ते 300 रुपये होते. जे 50 विद्यार्थी आले त्यांच्या लेखी 200 ते 250. सरासरीने प्रत्येक प्रतीमागे 50 रुपयांचे मोल हरवले, एकूण 2,500 रुपये. वाटणी पाहिली तर प्रकाशकाचा नफा 45,000 वरून 50,000 वर गेला, विद्यार्थ्यांचे संतोषाधिक्य, म्हणजे त्यांच्या लेखी असलेले मोल आणि दिलेला भाव यांतला फरक, 1,250 वरून 5,000 झाले, आणि इंजिनिअरांचे 31,250 वरून 20,000 वर आले. बेरीज-वजाबाकी करा, 2,500 ची तूट येते. रिचर्ड श्मालेन्झी यांनी 1981 मध्ये आणि हाल व्हेरियन यांनी 1985 मध्ये याचे सर्वसाधारण रूप मांडले: एकूण खप वाढला नाही, तर तिसऱ्या श्रेणीच्या मूल्यभेदाने एकूण कल्याण वाढू शकत नाही.

इथे कोणी म्हणेल, विद्यार्थ्याचा रुपया आणि इंजिनिअरचा रुपया सारखा कसा? रास्त प्रश्न. विद्यार्थ्याच्या एका रुपयाला इतरांच्या पावणेदोन रुपयांएवढे वजन दिले तर वरचा हिशेब फायद्यात येतो, आणि तसे वजन द्यायला माझी हरकत नाही. पण मग त्याला फेरवाटप म्हणावे. इंजिनिअरांकडून काढून थोडे विद्यार्थ्यांना दिले आणि त्याहून जास्त प्रकाशकाने ठेवले, असे ते फेरवाटप आहे. ‘बाजार वाढवला’ हे त्याचे वर्णन नव्हे.

आता वक्रतेकडे. पहिला हिशेब तसाच ठेवू, फक्त विद्यार्थ्यांची मागणी वाकवू. 250 रुपयांना 50 विद्यार्थी आणि त्या ठिकाणी रुपयामागे एक विद्यार्थी, हे तसेच. त्यामुळे एकच भाव ठेवायचा तर तो अजूनही 250 च. पण भाव उतरत गेला की रुपयामागे येणाऱ्यांची संख्या वाढत जाते: 200 रुपयांपाशी ती 1 ऐवजी 1.2 होते. आलेखावर ही रेषा आरंभबिंदूकडे, म्हणजे आत झुकलेली दिसते. विद्यार्थ्यांत मोठा घोळका कमी ऐपतीचा असेल तर मागणी अशीच असणार. प्रकाशक आता 200 वर थांबत नाही, सुमारे 193 पर्यंत उतरतो, कारण खाली जावे तसे प्रत्येक रुपयाला जास्त विद्यार्थी मिळतात आणि ओढ लवकर संपत नाही. विद्यार्थी 114, इंजिनिअर 200, एकूण 314. खप वाढला.

उलट बाजूने वाकवा. भाव उतरवला तरी रुपयामागे येणारे विद्यार्थी कमी होत जातात, 200 पाशी 0.8. रेषा बाहेर फुगलेली. ज्यांना घ्यायचे होते त्यांतले बहुतेक आधीच आले, उरलेल्यांना पुस्तक नकोच आहे. प्रकाशक 207 च्या आसपास थांबतो, विद्यार्थी 89, एकूण 289. सवलत दिली, फोटो छापले, आणि एकूण 11 प्रती कमी खपल्या.

महाग गटात हा नियम उलटा लागतो. इंजिनिअरांची रेषा बाहेर फुगलेली असेल, म्हणजे भाव चढू लागताच माणसे वाढत्या वेगाने पळू लागत असतील, तर प्रकाशक घाबरून लवकर थांबतो: तशाच प्रमाणात वाकवले तर 286 वर, आणि 50 ऐवजी 38 च गिऱ्हाइके गळतात. थोडक्यात, स्वस्त गट आत झुकलेला आणि महाग गट सरळ किंवा बाहेर फुगलेला असेल तर खप वाढतो, आणि याच्या उलट असेल तर घटतो. दोन्ही गट एकाच बाजूला वाकलेले असतील तर कोण जास्त वाकले आहे हे पाहावे लागते. जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्येच हा प्रश्न लवचीकतेवरून, म्हणजे भाव टक्काभर हलला की खप किती टक्के हलतो यावरून, उचलून वक्रतेवर आणून ठेवला होता. तरीही आजच्या चर्चेत लवचीकतेचीच भाषा चालते. ‘विद्यार्थ्यांची मागणी लवचीक, म्हणून सवलत’ हे वाक्य भाव कोणाला कमी लागेल एवढेच सांगते. एकूण खपाचे काय होईल, याबद्दल ते मुके आहे.

आणि खप वाढला म्हणजे जिंकलो असेही नाही. 314 प्रतींचा हिशेब पुन्हा पाहू. गळालेल्या 50 इंजिनिअरांबरोबर छपाईखर्च वजा जाता सरासरी 175 रुपयांचे मोल गेले, म्हणजे 8,750. आलेल्या 64 विद्यार्थ्यांनी सरासरी 120 रुपयांचे मोल आणले, म्हणजे साधारण 7,690. खप 14 प्रतींनी वाढूनही हजारभर रुपयांची तूट उरली. चुकीच्या हातांत गेल्याचा तोटा भरून निघेल इतका खप वाढायला हवा. वाढ ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. या दोन अटींमधली दरी किती रुंद आहे हे इन्याकी आगिरे, सायमन कोवन आणि जॉन व्हिकर्स यांनी 2010 मध्ये वक्रतेच्याच भाषेत नीट तपासले.

मग वक्रता मोजायची कशी? इथे बहुतेक अहवाल घसरतात. विक्रेता ‘सवलतीआधी’ आणि ‘सवलतीनंतर’ असे दोन आकडे दाखवतो. दोन बिंदूंतून सरळ किंवा वाकलेली कोणतीही रेषा काढता येते, त्यामुळे त्यांतून वाकणे कळतच नाही. प्रत्येक गटात निदान तीन भावांना झालेला खप हवा, आणि तोही असा की त्या काळात दुसरे काही बदललेले नसावे. विद्यार्थी सवलत जूनमध्ये सुरू केली तर खप भावामुळे वाढला की कॉलेज उघडल्यामुळे, हे वेगळे काढता येत नाही. दुसरी खोड अधिक छुपी आहे. अभ्यासक खपाचा आणि किमतीचा लॉग घेऊन सरळ रेषा बसवतो, म्हणजे लवचीकता सगळीकडे सारखी आहे असे मानतो. अशी मागणी मुळातच आत झुकलेली असते. दुसरा अभ्यासक लॉग न घेता सरळ रेषा बसवतो, त्याच्याकडे बदल शून्य येणारच. दोघेही आकडेवारीने सिद्ध झाल्याचे सांगतात, पण उत्तर सूत्र निवडताना ठरून गेलेले असते. अहवालात पहिल्यांदा हेच शोधावे की मागणीचे सूत्र कोणते घेतले आणि ते बदलून पाहिले का.

तीन भावांचा खप मिळत नसेल तर एक आडवाट आहे. खर्च वाढला की विक्रेता त्यातला किती भाग किमतीवर टाकतो ते पाहावे. कागद महागून प्रतीचा खर्च 10 रुपयांनी वाढला, तर सरळ रेषेच्या मागणीत मक्तेदार किंमत 5 रुपयांनी वाढवतो, निम्मी. हा निम्मा म्हणजे वर आला तोच निम्मा. भावातल्या प्रत्येक ठरावीक कपातीला खप ठरावीक टक्क्यांनी वाढत असेल, तर तो पुरे 10 रुपये टाकतो. लवचीकता सगळीकडे 5 असेल तर साडेबारा. म्हणजे स्वस्त गटात निम्म्याहून जास्त आणि महाग गटात निम्मे किंवा कमी वाढ टाकली जात असेल, तर दोन भावांनी खप वाढण्याकडे कल आहे असे समजायला जागा आहे. कल म्हटले, पुरावा नव्हे. कित्येक विक्रेते मागणीचा विचार न करता खर्चावर 25 टक्के चढवून किंमत छापतात. तिथे 10 चे साडेबारा होतात ते सवयीने, गिऱ्हाइकांची मागणी वाकलेली आहे म्हणून नव्हे.

इथवर वाचून सगळीकडे एकच भाव सक्तीचा करावा असे कोणाला वाटले तर त्याने पुढचा आकडा पाहावा. विद्यार्थ्यांची मागणी पुन्हा सरळ करू, फक्त ती 300 ऐवजी 260 रुपयांपासून सुरू होऊ दे. एकच भाव सक्तीचा केला तर दोन्ही गटांना सांभाळणारा उत्तम भाव 240 रुपये आणि नफा 39,200. विद्यार्थ्यांचा नाद सोडून फक्त इंजिनिअरांना 300 रुपयांनी विकले तर नफा 40,000. प्रकाशक विद्यार्थ्यांना सोडून देणार. एकूण खप 200. दोन भावांची परवानगी दिली तर इंजिनिअरांचा भाव 300 च राहतो, विद्यार्थ्यांना 180 रुपयांना पुस्तक मिळते आणि 80 प्रती जादा खपतात. कोणाचेही नुकसान नाही. सरळ रेषेचा शून्याचा नियम दोन्ही गट एकाच भावाला खरेदी करत असतील तेव्हाच लागू पडतो, आणि ही अट 300 वरून 260 वर येईपर्यंत मोडलेली असते.

परदेशी पाठ्यपुस्तकांच्या आपल्याकडच्या स्वस्त आवृत्त्या मला या दुसऱ्या प्रकारात मोडतात असे वाटते. फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी, असे मुखपृष्ठावर छापलेली ही पुस्तके अमेरिकेतल्या भावाच्या कितीतरी खाली मिळतात. अंतर इतके मोठे असते तिथे एकच जागतिक भाव म्हणजे मधला भाव नव्हे, तो अमेरिकेचाच भाव. 19 मार्च 2013 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने किर्तसाएंग विरुद्ध वायली या खटल्यात 6 विरुद्ध 3 मतांनी ठरवले की परदेशात कायदेशीर विकलेली प्रत अमेरिकेत पुन्हा विकायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. थायलंडमधून स्वस्त आवृत्त्या आणून तिथे विकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने हा निकाल गेला. अमेरिकी विद्यार्थ्यांना त्यात दिलासा असेल, पण गटांमधली भिंत पाडली की प्रकाशकापुढे दोन वाटा उरतात, तिकडचा भाव उतरवणे किंवा इकडचा चढवणे, आणि वरचा हिशेब सांगतो की तिकडची कमाई मोठी असेल तर तो दुसरी धरील.

अजून एक अवस्था आहे, जिथे वक्रतेचा प्रश्नच गैरलागू होतो. माल तयार होण्याची मर्यादा गाठली असेल आणि सगळा माल खपतच असेल, तर भाव एक असो की चार, एकूण खप वाढणार कुठून? एप्रिल 2021 मध्ये पुण्यात बनणाऱ्या कोव्हिशील्ड लशीचे तीन भाव होते: केंद्राला 150 रुपये, राज्यांना आधी 400 आणि आठवड्याभरात 300, खासगी रुग्णालयांना 600. जितक्या कुप्या भरल्या जात होत्या तितक्या जात होत्या. चढ्या भावाने पुढची क्षमता उभी राहते, हा युक्तिवाद करता येतो, पण तो गुंतवणुकीचा युक्तिवाद आहे. त्या आठवड्यांत भावभेदाने लस अधिक लोकांपर्यंत पोचली असे म्हणणे अंकगणितालाच धरून नाही.

जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर यांना नोटिसा दिल्या, त्या फोन कोणत्या बनावटीचा यावरून भाडे बदलते या आरोपावरून. कंपन्यांनी आरोप नाकारला. आरोपात किती तथ्य हा तपासाचा भाग, पण असे कोणी करत असेल तर तो तिसऱ्या श्रेणीचा भेदच, आणि बचावात ‘स्वस्त गटाला जास्त फेऱ्या मिळतात’ हे वाक्य येणारच. नियामकाने तेव्हा सवलत किती जणांना मिळाली हा आकडा बाजूला ठेवावा आणि तीन गोष्टी मागाव्यात. महाग गटातल्या किती जणांनी भाडे पाहून बुकिंग सोडले. दोन्ही गटांत निदान तीन भाड्यांना किती फेऱ्या झाल्या. आणि त्या वेळी रिकाम्या गाड्या उभ्या होत्या का, कारण सकाळी नऊला सगळ्या गाड्या रस्त्यावर असतील तर तिथे लशीचाच हिशेब लागतो, आणि दुपारी तीनला पुस्तकाचा.